दादा चाचरला, आई कडाडली

माझी भाची मराठी घेऊन बी.ए. करते आहे, दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी तिनं कथा लिहिली आणि ती दाखवायला रविवारी सकाळी घरी आली. कथेबरोबर एक दोनशेपानी वही होती. ‘म्हणाला’ला पर्याय म्हणून तिनं जमवलेली क्रियापदं त्या वहीत होती आणि भावनेप्रमाणे पानं पाडलेली होती: राग, भीती, दुःख, आर्जव, टोमणे, गुपित, आनंद. मी बरीच वर्षं दिवाळी अंकांसाठी आलेल्या कथा वाचते, त्यांवर हात फिरवते. ‘म्हणाला’ला शक्यतो धक्का लावू नये, असं माझं मत. तिचं नेमकं उलटं. दुपारपर्यंत आमचं जे बोलणं झालं ते जवळपास तसंच इथे देते आहे, कारण त्यात मला माझं मत एका जागी बदलावं लागलं.

भाची: आत्या, कथेच्या पहिल्या खर्ड्यात एका पानावर सात वेळा ‘म्हणाली’ आलं होतं. वाचताना मलाच कंटाळा आला. शाळेत निबंधात एकच शब्द पुन्हा आला की बाई लाल रेघ मारायच्या. मग कथेत तो कसा चालेल?

मी: निबंधातला शब्द काहीतरी सांगायला आलेला असतो, म्हणून दुसऱ्यांदा आला की खटकतो. संवादाशेजारच्या ‘म्हणाली’चं काम वेगळं आहे. बोलतंय कोण, एवढंच ते दाखवतं. शिवाय मराठीत हे क्रियापद वापरून वापरून गुळगुळीत झालंय. ‘म्हणून’, ‘म्हणजे’, ‘म्हणे’ ही सगळी त्याचीच रूपं. दिवसभर आपल्या तोंडी असतात, आणि त्यात कुणी काही म्हणतंय हे आपल्या मनातही येत नाही. असा शब्द कानाला टोचत नाही.

भाची: पण पान कंटाळवाणं झालं होतं, हे खरं आहे ना?

मी: खरं आहे. पण त्या सातांतले पाच ‘म्हणाली’ मुळात नको होते. तिथे दुसरं क्रियापद घातलं असतंस तर तेही नको असलेलंच राहिलं असतं. मराठीत बोलणारा ओळखायला किती खुणा असतात बघ. ‘मी निघते’ लिहिलं की बाई बोलते आहे, ‘मी निघतो’ लिहिलं की पुरुष. ‘अहो’, ‘अगं’, ‘अरे’ यांतून बोलणारा कळत नसेल, पण ऐकणारा कळतो. आणि दोघांचाच संवाद असेल तर उरलेला आपोआप कळतो. इंग्रजीत ही सोय नाही, म्हणून त्यांना ‘सेड’ जास्त वेळा लागतं.

भाची: अमेरिकन कादंबरीकार एल्मोर लेनर्ड यांचे लेखनाचे दहा नियम मी वाचलेत, २००१ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये आले होते. त्यात संवादाला ‘सेड’शिवाय दुसरं क्रियापद लावूच नका, असं आहे. तू तेच सांगते आहेस.

मी: तेच नाही. ‘सेड’ बोलणाऱ्याबद्दल काहीच सांगत नाही. ‘म्हणाला’ सांगतं. म्हणाला, म्हणाली, म्हणाले, म्हणाल्या: लिंग, वचन आणि आदर, तिन्ही त्यात आहे. तुझ्या कथेतली मुलगी वडिलांबद्दल सुरुवातीपासून ‘बाबा म्हणाले’ असं सांगते. वडिलांनी काय केलं हे तिला कळल्यावरच्या पानात तिनं एकदाच ‘बाप म्हणाला’ असं सांगितलं, तर तिच्या मनात काय तुटलं ते वाचणाऱ्याला कळेल. त्यासाठी रागाच्या पानावरचं एकही क्रियापद लागणार नाही.

भाची: हे मला सुचलं नव्हतं. पण तरी सगळ्या भावना ‘म्हणाला’त बसत नाहीत. माझा हा प्रसंग वाच, मग बोल.

तिनं कथेतला मधला प्रसंग पुढे केला. आईच्या पाटल्या डब्यातून गेल्या आहेत आणि मोठ्या मुलावर संशय आहे.

“पाटल्या कुठेत?” आईने दरडावलं.
“कुठल्या पाटल्या?” दादा चाचरला.
“डब्यातल्या!” आई कडाडली.
“मला काय माहीत!” दादा उसळला.
“खोटं बोलू नकोस,” आई फुत्कारली.
“गहाण ठेवल्यात,” दादाने कबुली दिली.
“कुणाकडे?” आई किंचाळली.
“सोसायटीनं कर्ज दिलं नाही. सोनाराकडे ठेवल्या,” दादा पुटपुटला.
“तुझ्या बाबांना कळलं तर घरात ठेवतील का तुला?” आईने धमकावलं.
“बाबांनीच सांगितलं ठेवायला,” दादा उद्गारला.

मी: संवाद चांगले आहेत. मनापासून सांगते, शेवटची ओळ तर फार चांगली आहे. पण ती ऐकू येत नाही. आई आधीच कडाडून, फुत्कारून, किंचाळून झाली आहे. तिथपर्यंत पोचेस्तोवर कान बधिर होतात.

भाची: पण ती रागावलेलीच आहे! हे सगळे शब्द रागाच्या पानावरचे आहेत.

मी: तिथेच गडबड आहे. पान एक असलं तरी माणूस एक राहिलेला नाही. दरडावतो तो अधिकारी, फौजदार. कडाडते ती वीज. फुत्कारतो नाग. किंचाळतं ते घाबरलेलं माणूस. त्यात राग असेलच असं नाही, भीती असते. दहा ओळींत तुझी आई चार वेळा बदलली. भावनेचं नाव एक आहे एवढ्यावरून शब्द अदलाबदलीचे होत नाहीत.

भाची: मग रागाचं पान कसं लावायचं? माझ्याकडे त्यावर वीसेक शब्द आहेत.

मी: आवाज किती मोठा यावर लावू नकोस. कोण कुणाला बोलतंय, यावर लाव. दटावणं थोराचं लहानाला असतं आणि त्यात माया असू शकते. आजी नातवाला दटावते. मुलानं वडिलांना दटावलं, असं लिहिलंस तर वाचणारा अडखळेल, किंवा त्या घरात काहीतरी उलटंपालटं झालंय असं समजेल. दरडावण्यात मायेचा अंश नाही, समोरच्यानं घाबरावं हा हेतू. खडसावणं म्हणजे जाब विचारणं. त्याला आधी काही चूक घडलेली असावी लागते. ठणकावण्यात राग नसेलही. ते खालचा वरच्यालाही करू शकतो, म्हणून शेतमजूर सावकाराला ठणकावून सांगतो हे वाक्य शोभतं. करवादणं मला फार आवडतं. त्यात जोर नाही, चिरचिर आहे. थकलेलं, आजारी, भुकेजलेलं माणूस करवादतं.

भाची: करवादणं माझ्या वहीत नाही. ऐकलं आहे, आजीच्या तोंडी, पण लिहावं असं वाटलं नाही.

मी: लिहून घे. आणि ‘फणकारली’ आहे का?

भाची: आहे. पण ते फक्त बायकांनाच का लावतात गं? मी ज्या कथांमधून शब्द काढले त्यांत एकही पुरुष फणकारत नाही. तो गरजतो. तेच बोलणं, तोच राग.

मी: बरोबर पकडलंस. ही भाषेची नव्हे, लिहिणाऱ्यांची सवय आहे. तुझ्या कथेत एखादा रुसका काका फणकारला तर मी ते खोडणार नाही.

भाची: वहीत अजून एक अडचण आहे. व्याकरणाची. ‘आई ओरडली’ होतं, पण ‘आई दटावली’ होत नाही, ‘आईने दटावलं’ होतं. काही ठिकाणी माझी वाक्यं चुकली आहेत.

मी: ती अडचण नाही, ती तुझ्या वहीतली सगळ्यात उपयोगी रेघ आहे. भावनेची पानं पाडण्याआधी या रेघेनं दोन भाग कर. ओरडला, खेकसला, पुटपुटला, कुजबुजली, करवादली, चाचरला: इथे ‘ने’ लागत नाही. हे शब्द आवाजाचे आहेत, तोंडातून कसा सूर निघाला ते सांगतात. दटावलं, बजावलं, सुनावलं, विनवलं, चिडवलं, विचारलं: इथे ‘ने’ लागतो. हे शब्द कृतीचे आहेत, बोलणाऱ्यानं समोरच्याला काय केलं ते सांगतात. म्हणून त्यांना समोरचा माणूस लागतो. कुणाला दटावलं? कुणाला विनवलं?

भाची: म्हणजे एकटा माणूस पुटपुटू शकतो, पण एकट्याला कुणाला दटावता येत नाही.

मी: अगदी. आणि आवाजाच्या शब्दांनाही ऐकणारा जोडायचा असेल तर प्रत्यय बघ. स्वतःशी पुटपुटतो. तिच्या कानात कुजबुजतो. पण खेकसतो, डाफरतो, ओरडतो तो कुणावर तरी. ‘वर’ आला की वजन खाली पडलं. तो ‘तिच्यावर’ डाफरला, एवढ्यात त्या दोघांमधलं उंचसखल आलं. तुझ्या प्रसंगात ‘आईने दरडावलं’, ‘आईने धमकावलं’ ही कृतीची आहेत आणि ‘कडाडली’, ‘किंचाळली’ आवाजाची. तू दोन्ही जाती एकीनंतर एक मिसळल्यास, म्हणून एकदा मुलाकडे बघायचं, एकदा आईच्या घशाकडे, असं होतं.

भाची: तरी राग सोपा आहे. दुःखाचं पान बघ. मुसमुसणे, स्फुंदणे, हमसणे, हुंदका देणे, हंबरडा फोडणे. एवढे शब्द आहेत, पण ‘ “मला घरी ने,” ती स्फुंदली’ असं लिहिलं की खोटं वाटतं. का ते मला कळत नाही.

मी: मोठ्यानं करून बघ. स्फुंदताना ‘मला घरी ने’ म्हणता येतं का?

भाची (प्रयत्न करून): नाही. स्फुंदताना श्वास आत जातो, शब्द बाहेर येत नाहीत.

मी: म्हणूनच. हे रडण्याचे शब्द आहेत, बोलण्याचे नाहीत. हसणंही तसंच. ‘ “ये ना,” तो हसला’ असं हल्ली फार दिसतं. वाक्य हसता येत नाही. मराठीत त्यासाठी सरळ वाट आहे: हसत म्हणाला, मुसमुसत म्हणाली. ‘त’ लावला की दोन्ही क्रिया एकत्र नांदतात आणि ‘म्हणाली’ आपलं काम करत राहतं. किंवा रडणं वेगळ्या वाक्यात टाक आणि बोलणं तोड. “मला... घरी ने.” त्या तीन टिंबांत हुंदका आहे, तो पुन्हा सांगायची गरज नाही.

भाची: आनंदाचं पान तर जवळपास रिकामंच आहे. चीत्कारली, चेकाळला, आणखी एकदोन.

मी: आपल्या भाषेत भांडणाला जितके शब्द आहेत तितके आनंदानं बोलण्याला नाहीत, हे मलाही जाणवलं आहे. ती जागा भरायला शब्द ओढून आणू नकोस. आनंद वाक्यातच येऊ दे. “आलास?” आणि “आलास रे!” यांत किती फरक आहे. रे, गं, ना, की, बाई, हं. ही लहान अक्षरं आपल्या संवादात सूर भरतात. जिथे ती नीट बसली आहेत तिथे क्रियापदानं सूर सांगणं म्हणजे खीर गोड झाल्यावर वरून साखर पेरणं.

भाची: आत्या, तू प्रत्येक पानावर माझे शब्द कमी करते आहेस. मग ही वही कशाला? मी हे सगळे शब्द लोकांच्या तोंडून, जुन्या कथांमधून वेचून आणलेत. कुजबुजणं आणि पुटपुटणं यांतला फरक ‘हळू आवाजात म्हणाला’ असं लिहून येत नाही. कुजबुजणाऱ्याला समोरच्यानं ऐकावं असं वाटतं, पुटपुटणाऱ्याला कुणी ऐकलं नाही तरी चालतं. इतका बारीक फरक ज्या भाषेत एका शब्दात मिळतो तिथे तो वापरायचा नाही? तू म्हणतेस तसं सगळ्यांनी फक्त ‘म्हणाला’ लिहिलं, तर करवादणं माझ्या आजीबरोबरच जाईल.

यावर मी थोडा वेळ गप्प होते. तिचं म्हणणं खरं होतं. कथा तपासताना मी वर्षानुवर्षं ‘म्हणाला’च्या बाजूनं पेन चालवलं आहे, आणि त्यात काही नेमके शब्दही खोडले असणार.

मी: वापरायचा. पण कुठे, ते ठरवू. तुझ्याच प्रसंगात बघू. शब्द वाचून सूर कळतोच अशा ओळी कुठल्या?

भाची: “डब्यातल्या.” “मला काय माहीत!” “खोटं बोलू नकोस.” हे कुणीही योग्य सुरातच वाचेल.

मी: तिथलं सगळं काढ. क्रियापदही नको, ‘म्हणाला’ही नको. “गहाण ठेवल्यात” या ओळीत कबुली शब्दांतच आहे. ‘कबुली दिली’ म्हणजे तेच पुन्हा. तिथे साधं ‘तो म्हणाला’ ठेव, कारण मध्ये किंचित थांबायला हवं. ‘उद्गारला’ तर काढच. ते पाठ्यपुस्तकातलं आहे, ‘उत्तरला’ आणि ‘वदला’ यांच्या रांगेतलं. आता सांग, अशी ओळ कुठली जी वाचून सूर कळत नाही, किंवा चुकीचा कळतो?

भाची (बराच वेळ बघून): आईची धमकी. “तुझ्या बाबांना कळलं तर घरात ठेवतील का तुला?” हे कुणीही ओरडूनच वाचेल. पण बाबा बाहेरच्या खोलीत आहेत. ती ओरडणार नाही. ती कुजबुजेल!

मी: कुठल्या पानावर आहे तो शब्द?

भाची: गुपिताच्या. रागाच्या नाही.

माझं मत बदललं ते इथे. धमकीच्या शब्दांना कुजबुजीचा आवाज मिळाला आणि ती आई मला पहिल्यांदा दिसली: मुलावर रागावलेली, पण नवऱ्याला त्याहून जास्त भ्यालेली. ‘म्हणाली’नं हे होत नव्हतं. शब्द एक सांगतात आणि आवाज दुसरंच सांगतो, तिथे क्रियापदाशिवाय गत्यंतर नाही. आणि ते क्रियापद सहसा त्या भावनेच्या पानावर सापडत नाही, शेजारच्या पानावर सापडतं.

भाची: मग क्रियापद आधी लिहू की नंतर? ‘आई कुजबुजली’ हे वाक्य संपल्यावर आलं तर वाचणाऱ्यानं ते आधीच ओरडून वाचलेलं असेल.

मी: चांगला प्रश्न आहे. बोलणं लांबलचक असेल तर क्रियापद आधी ये‌ऊ दे, किंवा पहिल्या तुकड्यानंतर मध्ये. पाच ओळींचं भाषण वाचून झाल्यावर ‘तो कुजबुजला’ आलं, तर वाचणाऱ्याला मागे जाऊन पुन्हा ऐकावं लागतं. एकाच ओळीचं बोलणं असेल तर नंतर चालतं. इथे तर तू मध्ये घाल. ‘तुझ्या बाबांना कळलं तर’ इथवर धमकी ऐकू येईल, आणि लगेच आवाज खाली येईल.

तिनं तिथेच बसून प्रसंग पुन्हा लिहिला.

आईने डबा पलंगावर पालथा केला. “पाटल्या कुठेत?”
“कुठल्या पाटल्या?”
“डब्यातल्या.”
“मला काय माहीत!”
“खोटं बोलू नकोस.”
दादा खिडकीबाहेर बघत राहिला. “गहाण ठेवल्यात,” तो म्हणाला.
“कुणाकडे?”
“सोसायटीनं कर्ज दिलं नाही. सोनाराकडे ठेवल्या.”
आईने उठून मधलं दार लोटलं. “तुझ्या बाबांना कळलं तर,” ती कुजबुजली, “घरात ठेवतील का तुला?”
“बाबांनीच सांगितलं ठेवायला.”

भाची: डबा पालथा केला, दार लोटलं, हे तू सांगितलं नव्हतंस. क्रियापदं काढल्यावर हात मोकळे झाले आणि आई काय करत असेल ते दिसायला लागलं.

मी: पण त्यातही जप. प्रत्येक ओळीला कुणीतरी पदर खोचतंय, चष्मा पुसतंय, असं झालं की तेही ‘कडाडली-फुत्कारली’सारखंच होतं. इथे आईच्या दोनच कृती आहेत आणि दार लोटल्याशिवाय कुजबुजीला अर्थ नाही, म्हणून त्या चालतात.

भाची: शेवटच्या ओळीला ‘दादा म्हणाला’ लावू?

मी: तुला काय वाटतं?

भाची: नको. त्यानंतर कुणी बोलूच नये.

जाताना ती वही मागायला विसरली नाही. आता तिनं पानं नव्यानं पाडली आहेत. डावीकडे ‘ने’ न लागणारे आवाजाचे शब्द, उजवीकडे ‘ने’ लागणारे कृतीचे, आणि प्रत्येक शब्दापुढे कोण कुणाला हे शब्द लावेल याची एक ओळ. भावनेचं नाव कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेलं आहे, म्हणजे खोडून बदलता येईल.

छापायला गेलेल्या कथेत चोवीस संवाद आहेत. त्यांतल्या नऊ ठिकाणी म्हणाला, म्हणाली किंवा म्हणाले आहे, अकरा ठिकाणी काहीच नाही, आणि वहीतली क्रियापदं चार आली आहेत. त्या चारांत एक ‘करवादली’ आहे. ते कथेतल्या आजीला लावलं आहे.